प्रकल्प नोंदी: पुस्तकाच्या फोटोवरून अवतरंग आणि अनुतरंग ओळखणे

४ ऑगस्ट

काम असे: पाठ्यपुस्तकाच्या पानांचे मोबाइलने काढलेले फोटो घ्यायचे, त्यांतल्या तरंगाकृतींचा प्रकार ठरवायचा आणि शिखर, गर्त, संपीडन, विरलन ही नावे नेमक्या जागी टाकायची. नावे टाकलेली पाने पुढे सराव-संचात उत्तर म्हणून जातील, त्यामुळे बाण बोटभरही सरकून चालणार नाही.

नमुन्याला एक पान निवडले आहे. त्यावर तीन आकृत्या आहेत. आकृती अ मध्ये ताणलेली दोरी, वरखाली वळणारी. आकृती आ मध्ये आडवी स्प्रिंग, काही ठिकाणी वेढे दाट, काही ठिकाणी विरळ. आकृती इ मध्ये हवेची नळी, तिच्यात ठिपके, आणि नळीच्या बरोबर खाली एक नागमोडी वक्र. बहुतेक पुस्तकांत हे त्रिकूट या ना त्या रूपात असतेच. चूकही ठरलेल्या जागी होते, ती म्हणजे आकृती इ. खालचा वक्र दिसला की हात आपोआप ‘अवतरंग’ लिहून मोकळा होतो.

म्हणून प्रकार ठरवताना आकाराकडे बघायचेच नाही, असे ठरले. दोन दिशा शोधायच्या. पहिली, तरंग कुठे चालला आहे ती. दुसरी, माध्यमाचा कण कसा हलतो आहे ती. दोन्ही दिशा एकमेकींना काटकोनात असतील तर अवतरंग, एकाच रेषेत असतील तर अनुतरंग. पुस्तकात या दोन दिशा बहुधा बाणांनी दाखवलेल्या असतात. तरंगाचा बाण लांब आणि एकाच टोकाचा असतो. कणाचा बाण आखूड आणि दोन्ही टोकांचा असतो, कारण कण पुढे जात नाही, जागच्या जागी मागेपुढे किंवा वरखाली होतो.

नमुना पानावर अ मध्ये कणाचा बाण उभा आणि तरंगाचा आडवा आहे. आ मध्ये दोन्ही आडवे आहेत. इ मध्ये कणाचा बाण छापलेलाच नाही, तरंगाचा फक्त एक आडवा बाण आहे. तिथे ठिपक्यांवरून काम काढावे लागेल.

५ ऑगस्ट

आकृती अ पूर्ण केली. यात अवघड काही नाही, पण नावे टाकण्याची शिस्त इथेच बसवलेली बरी.

सगळ्यात आधी मध्यरेषा, म्हणजे दोरी स्थिर असताना जिथे असते ती रेषा. ती छापलेली नसेल तर सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या बिंदूंच्या बरोबर मधून आखायची. मध्यरेषेच्या वरच्या बाजूला सर्वांत दूरचा बिंदू म्हणजे शिखर, खालच्या बाजूला सर्वांत दूरचा बिंदू म्हणजे गर्त. पुस्तकात शिखराऐवजी शृंग किंवा शीर्ष छापले असेल तर आपणही तेच लिहायचे. एकाच पानावर दोन नावे नकोत.

शिखराचा बाण उतारावर टेकवायचा नाही, माथ्यावरच टेकवायचा. शिखर ते पुढचे शिखर ही एक तरंगलांबी. शिखर ते शेजारचे गर्त ही अर्धी. आयाम मोजायचा तो मध्यरेषेपासून. शिखरापासून गर्तापर्यंतची उभी उंची म्हणजे आयामाची दुप्पट, आणि नेमका तोच आकडा ‘आयाम’ म्हणून लिहिलेली उत्तरे खूप दिसतात.

एक पथ्य. वक्राचा आडवा अक्ष अंतराचा आहे की वेळेचा, हे वाचल्याशिवाय ‘तरंगलांबी’ लिहायचे नाही. अक्षावर सेकंद असतील तर दोन शिखरांमधले अंतर हा दोलनकाळ असतो. तसा आलेख एकाच कणाची कहाणी सांगतो, आणि तो कण कोणत्या दिशेने हलतो ते उभ्या अक्षावर लिहिले नसेल तर तरंगाचा प्रकार त्या आलेखावरून ठरवताच येत नाही. अशा आकृतीखाली प्रकाराची जागा कोरी ठेवायची.

८ ऑगस्ट

आकृती आ, स्प्रिंग. इथे ‘दाट दिसते ते संपीडन’ एवढ्यावर भागते, पण संपीडनाचा मध्य कुठे ते डोळ्याने नीट ठरत नाही. म्हणून वेढे मोजून पाहिले. फोटो छापील आकाराएवढा करून पट्टीने पहिल्या वेढ्यापासून प्रत्येक वेढ्याचे अंतर मिलिमीटरमध्ये घेतले:

०, ७.५, १४.३, २०, २४.३, २७.५, ३०, ३२.५, ३५.७, ४०, ४५.७, ५२.५, ६०

शेजारच्या वेढ्यांमधली अंतरे मग अशी येतात: ७.५, ६.८, ५.७, ४.३, ३.२, २.५, २.५, ३.२, ४.३, ५.७, ६.८, ७.५.

अंतरे कमी होत जातात, २.५ वर टेकतात आणि त्याच क्रमाने परत वाढतात. दोन्ही २.५ च्या मधला वेढा ३० मिमीवर आहे, तो संपीडनाचा मध्य. ० आणि ६० ला अंतरे सर्वांत मोठी, तिथे विरलनाचे मध्य. विरलन ते विरलन ६० मिमी, म्हणजे छापील आकृतीत तरंगलांबी ६० मिमी. संपीडनापासून शेजारच्या विरलनापर्यंत ३० मिमी, म्हणजे तिची निम्मी. हिशेब जुळला.

नाव टाकताना शिखरात आणि संपीडनात एक फरक सांभाळायचा. शिखर हा बिंदू आहे, संपीडन हा पट्टा आहे. म्हणून संपीडनाला टोकदार बाण नको. दाट भागावर आडवा कंस घालून त्याच्या मधोमध नाव लिहायचे. कंस किती रुंद घ्यायचा? वेढ्यांमधले अंतर सरासरीपेक्षा कमी आहे तिथपर्यंत. इथे ६० मिमीत १२ अंतरे, म्हणजे सरासरी ५ मिमी. ४.३ पासून ४.३ पर्यंतचा भाग, म्हणजे २० ते ४० मिमी, संपीडनाच्या कंसात गेला. उरलेला विरलनात. दोन्ही कंस सारख्या रुंदीचे येत नाहीत (२० आणि ४०), आणि ते बरोबरच आहे: दोन्हींत वेढ्यांची अंतरे सहा-सहाच आहेत, दाट भागात ती कमी जागेत मावतात इतकेच.

स्प्रिंगवर शिखर आणि गर्त ही नावे टाकायची नाहीत. प्रत्येक वेढ्याला वरची आणि खालची कड असते, तिला कुणी शिखर म्हटले तर ते चूक. ती तारेची गोलाई आहे, तरंगाशी तिचा संबंध नाही. आणि पुस्तकात नुसते इंग्रजी ‘सी’ अक्षर छापले असेल तर जपून, कारण क्रेस्ट आणि कम्प्रेशन दोन्ही सी नेच सुरू होतात. शेजारी ‘टी’ असेल तर क्रेस्ट-ट्रफची जोडी, ‘आर’ असेल तर कम्प्रेशन-रेअरफॅक्शनची.

९ ऑगस्ट

कालच्याच स्प्रिंगचा दुसरा फोटो घेतला, मुद्दाम पुस्तक पुरते न उघडता. शिवणीकडच्या बाजूला वेढे दाट दिसू लागले आणि डाव्या कडेला चक्क एक जास्तीचे ‘संपीडन’ उगवले.

कारण साधे आहे. शिवणीजवळ पान वळून उभे होते. कॅमेरा वरून बघत असेल तर तिरप्या भागाची रुंदी कोसाइनच्या प्रमाणात घटते. पान ४५ अंश कललेले असेल तर १० मिमीचे सुमारे ७ दिसतात, ६० अंशाला बरोबर ५. वेढ्यांमधली अंतरेही तेवढीच आक्रसतात.

हे खोटे संपीडन ओळखायला आकृतीखालची ओळ पुरते. अक्षरेही त्याच जागी तेवढीच चेपलेली दिसतात. स्प्रिंगच्या खरोखरच्या संपीडनाखाली अक्षरांची रुंदी बदललेली नसते. दुसरी खूण उंचीची. वळलेल्या पानाने फक्त रुंदी घटते, उंची जवळपास तशीच राहते. पण फोटो एका बाजूने तिरपा काढला असेल तर दूरच्या टोकाला रुंदी आणि उंची दोन्ही हळूहळू कमी होत जातात. तिथे अंतरे एकाच दिशेने घटतात, पुन्हा वाढत नाहीत. खऱ्या तरंगात दाटी येते, जाते आणि परत येते.

आकृती आ सारख्या ठळक चित्रात फसण्याची भीती कमी आहे. तिथे २.५ आणि ७.५, म्हणजे एकास तीन असे प्रमाण आहे. नुसत्या पानाच्या वळणाने तेवढे व्हायला पान सुमारे ७० अंश उभे राहावे लागेल, आणि मग अक्षरेच वाचता येणार नाहीत. पण ज्या पुस्तकांत चित्रकाराने दाट आणि विरळ भागांत जेमतेम फरक ठेवला आहे, तिथे ४५ अंशाचे वळणही निकाल फिरवते. अशा पानाचा फोटो दोन्ही बाजूंना वजन ठेवून, पान सपाट करून परत काढायचा. सॉफ्टवेअरने पान ‘सरळ’ करण्यापेक्षा हे लवकर होते आणि मोजमापही खात्रीचे मिळते.

१२ ऑगस्ट

आज आकृती इ. सगळ्या पानाचा जीव हिच्यात आहे, म्हणून सावकाश.

वरच्या नळीत ठिपके आहेत. कुठे गर्दी, कुठे मोकळीक, आणि ही गर्दी तरंगाच्या दिशेने ठरावीक अंतराने परत येते. नळीच्या वरच्या किंवा खालच्या भिंतीकडे ठिपके झुकलेले नाहीत. कण आडवेच हलत असले पाहिजेत, म्हणून अनुतरंग. गर्दीला संपीडन, मोकळ्या भागाला विरलन. इथवर स्प्रिंगसारखेच.

खालचा वक्र हे हवेचे चित्र नाही. हवा अशी नागमोडी वळत नाही. तो आलेख आहे, आणि त्यावर काय लिहायचे ते त्याच्या उभ्या अक्षावर अवलंबून आहे. पुस्तकांत या जागी दोन वेगवेगळे आलेख आढळतात, दिसायला अगदी सारखे.

उभ्या अक्षावर दाब किंवा घनता असेल तर काम सोपे. वक्राचे शिखर संपीडनाच्या बरोबर खाली येते, गर्त विरलनाच्या खाली. शिखर म्हणजे इथे दाब सर्वाधिक असलेली जागा. मध्यरेषा म्हणजे तरंग नसतानाचा नेहमीचा दाब, शून्य दाब नव्हे. गर्तात हवा असतेच, फक्त नेहमीपेक्षा थोडी विरळ.

उभ्या अक्षावर कणांचे विस्थापन असेल तर मात्र संपीडन शिखराच्या वर नसते, गर्ताच्या वरही नसते. वक्र जिथे मध्यरेषा ओलांडतो तिथे ते असते.

हे पटवायला परवाची स्प्रिंगच घेतली. तिच्यात स्थिर अवस्थेत वेढे ५-५ मिमीवर होते असे धरले, तर कोणता वेढा किती सरकला ते लगेच निघते. १५ मिमीचा वेढा २० वर आला आहे, म्हणजे ५ मिमी उजवीकडे. ४५ चा वेढा ४० वर आला आहे, ५ मिमी डावीकडे. ३० चा वेढा ३० वरच आहे, तो हललेलाच नाही. उजवीकडचे विस्थापन धन धरून आलेख काढला तर शिखर १५ ला, गर्त ४५ ला, आणि ३० ला वक्र वरून खाली येताना मध्यरेषा ओलांडतो. संपीडनाचा मध्य तर ३० लाच आहे. म्हणजे विस्थापनाच्या शिखरापासून पाव तरंगलांबी, १५ मिमी, पुढे.

असे का, तेही याच आकड्यांत दिसते. ३० च्या डावीकडचे वेढे उजवीकडे सरकले, उजवीकडचे डावीकडे सरकले. दोन्हींकडून माणसे मधल्या माणसावर रेटावीत तशी गर्दी तिथे झाली. शिखरावर मात्र शेजारचे वेढे जवळपास सारखेच सरकलेले असतात. सगळे एकदम ५ मिमी सरकले तर त्यांच्यातले अंतर बदलत नाही, मग दाटी कुठून येणार?

नियम म्हणून लिहून ठेवायचे ते एवढेच: उजवीकडचे विस्थापन धन असेल, तर डावीकडून उजवीकडे वाचताना वक्र मध्यरेषेतून खाली उतरतो तिथे संपीडन, वर चढतो तिथे विरलन. तरंग उजवीकडे चालला आहे की डावीकडे, याने या नियमात फरक पडत नाही. पुस्तकाने डावी बाजू धन धरली असेल तर दोन्हींची अदलाबदल होते. तसे पुस्तक दुर्मीळ, पण अक्षाशेजारचे चिन्ह बघायला वेळ तो किती लागतो?

नमुना पानावर उभ्या अक्षावर ‘घनता’ छापले आहे. शिखरे गर्दीखाली आहेत. जुळले.

१३ ऑगस्ट

अक्षावर काहीच छापले नसेल तर काय, हा प्रश्न आला. उपाय आकृतीतच आहे. नळीतल्या गर्दीच्या मध्यातून एक उभी रेषा खाली वक्रापर्यंत ओढायची. ती शिखरावर पडली तर आलेख दाबाचा किंवा घनतेचा, मध्यरेषेवर पडली तर विस्थापनाचा. फोटो तिरपा असेल तर पट्टी पानाच्या कडेला समांतर ठेवून रेषा ओढायची, मोबाइलच्या पडद्याच्या कडेला नव्हे. लहान आकृतीत पाव तरंगलांबी तीन-चार मिलिमीटरचीच असते आणि थोड्या तिरपेपणानेही रेषा भलत्याच ठिकाणी टेकते.

रेषा धड शिखरावर नाही, धड मध्यरेषेवरही नाही, अशी मधेच पडली तर चित्रकाराने नळी आणि वक्र काळजीपूर्वक जुळवलेले नाहीत असे धरायचे. अशा आकृतीत प्रकार लिहायचा, नळीवर संपीडन-विरलन टाकायचे आणि वक्रावर काहीही टाकायचे नाही.

१६ ऑगस्ट

दोन किरकोळ पण त्रासदायक गोष्टी.

उलटा फोटो. पान १८० अंश फिरले तर दोरीच्या आकृतीत शिखराचे गर्त आणि गर्ताचे शिखर होते, आणि नियमित वक्र उलटा करूनही तसाच दिसतो, म्हणून शंकाही येत नाही. कापलेल्या फोटोत मजकूर नसला तर आकृतीतले एखादे अक्षर, आकडा किंवा λ शोधून दिशा ठरवायची. तेही नसेल तर शिखर-गर्त टाकायचे नाही. संपीडनाला ही अडचण नाही. स्प्रिंग कशीही फिरवा, दाट ते दाटच राहते.

दुसरी गोष्ट पट्ट्यांची. व्हॉट्सॲपवरून आलेल्या, आकार घटलेल्या एका फोटोत समान अंतराच्या रेषांवर फिकट-गडद पट्टे दिसले, अगदी संपीडन-विरलनासारखे. बारीक रेषा आणि फोटोतल्या पिक्सेलची जाळी यांची गल्लत झाली की असे पट्टे उमटतात. छापील करडा रंगही बारीक ठिपक्यांचा असतो, त्यावरही हे होते. तपासायला फोटो पडद्यावर थोडा लहान-मोठा करायचा. खोटे पट्टे सरकतात किंवा त्यांची संख्या बदलते, खरी दाटी जागची हलत नाही. शेजारच्या दोन रेषांमध्ये निदान चार-पाच पिक्सेल असतील तरच त्या फोटोवर अंतरे मोजायची, नाहीतर मूळ फोटो मागवायचा.

१९ ऑगस्ट

संचासाठी स्प्रिंगची स्वच्छ आकृती नव्याने काढायची आहे. वेढ्यांच्या जागा हाताने अंदाजे टाकल्या की दाटी एका बाजूला कलते आणि मध्य हुकतो, म्हणून त्या मोजूनच घेतल्या. स्थिर अंतर ५ मिमी, सर्वाधिक विस्थापन ५ मिमी, तरंगलांबी ६० मिमी:

```
import math
for n in range(13):
    x = 5 * n
    print(n, round(x + 5*math.sin(2*math.pi*x/60), 1))
```

८ ऑगस्टच्या यादीतलेच आकडे येतात. सर्वाधिक विस्थापन ५ ऐवजी १० केले की मधले तीन वेढे ३० मिमीवर एकमेकांवर येऊन बसतात; सलग माध्यमाला या तरंगलांबीची मर्यादा सुमारे ९.५ मिमीच आहे (६० भागिले २π). चित्रासाठी ४ ते ६ मधला आकडा ठेवायचा. त्याखाली दाट-विरळ फरक कळत नाही, त्यावर तारा एकमेकींना चिकटल्यासारख्या दिसतात.

आकृतीखाली दोन्ही आलेख द्यायचे ठरले, आधी विस्थापनाचा, मग घनतेचा, आणि ३० मिमीवरून तिन्हींतून जाणारी एक तुटक उभी रेषा. अक्षांची नावे पूर्ण शब्दांत, ‘धन = उजवीकडे’ हे सुद्धा.

२० ऑगस्ट

पाण्याच्या लाटेची एक आकृती संचात घ्यायची की नाही यावर चर्चा झाली. पुस्तके ती अवतरंगाचे उदाहरण म्हणून देतात, आणि पृष्ठभागाच्या रेषेवर शिखर-गर्त टाकायला हरकत नाही. पण खोल पाण्यात पृष्ठभागावरचा कण जवळपास वर्तुळात फिरतो, वरखालीही होतो आणि पुढेमागेही. दोन दिशांच्या कसोटीला ती लाट सरळ उत्तर देत नाही. कणांचे मार्ग वर्तुळाने दाखवले असतील तर प्रकाराच्या जागी ‘दोन्ही हालचाली एकत्र’ असे लिहायचे. फक्त उभा बाण असेल तर पुस्तकाप्रमाणे ‘अवतरंग’.

प्रकाशाच्या आकृत्या बाजूला ठेवल्या आहेत. त्यांत माध्यमाचे कण नसतात, विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रे तरंगाच्या दिशेला काटकोनात बदलतात. प्रकार अवतरंगच, पण ‘कणाचा बाण’ हा शब्द तिथे बदलावा लागेल. त्यांचे पान वेगळे होईल.